जानेवारीची सावली

“माझ्या पोरानं फोटो पाठवलाय, दार हितंच हाय,” असं अण्णा त्या मेडिकलवाल्याला म्हणाले म्हणे. एप्रिलचा शेवटचा आठवडा, सोलापूरचं ऊन, आणि अण्णा रेल्वे लाइन्समधल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यापुढं, बंद शटरकडं तोंड करून उभे. हातात मोबाइल आणि मोबाइलवर मी पुण्याहून पाठवलेला फोटो. फोटोत तीन मजली इमारत, डावीकडं मेडिकल, मधोमध काचेचं दार, दारापर्यंत चढत जाणारा स्टीलच्या कठड्याचा उतार. समोर पाहावं तर इमारत तीच, मेडिकल तेच, कठडासुद्धा तोच. फक्त काचेच्या दाराच्या जागी निळं शटर, आणि तेही खाली ओढलेलं. अण्णांनी सरळ हिशेब केला की दवाखाना अजून उघडायचाय, आणि ते थांबले. अकराचा नंबर होता. पावणेअकराला पोचलेला माणूस साडेअकरापर्यंत तिथंच उभा होता. दवाखान्याचं दार बाजूच्या गल्लीत जाऊन बरेच महिने झाले होते. पुढच्या बाजूचा गाळा चष्म्याच्या दुकानाला दिलेला, आणि ते दुकान उघडायचं दुपारी बाराला. शेवटी मेडिकलवाल्या पोराला राहवलं नाही. “मामा, कवापास्नं बघतोय, कुणाकडं जायचंय?” तेव्हा ते फोटोचं वाक्य.

मला हे अण्णांनी सांगितलं नाही. रात्री आईनं फोनवर सांगितलं, मागं तव्यावर भाकरी चरचरत असताना. “तोंड नुसतं काळवंडून आलंय त्यांचं. अन् वर म्हणत्यात, पोराला सांगू नगं.”

निघण्याआधी मी त्यांना दोन गोष्टी बजावल्या होत्या. कुणाला विचारत बसू नका. आणि दारापुढं चांगली सावली आहे, घाई करू नका.

आता मला लाज कशाची वाटते ते सांगायला हवं. रस्त्यावरचे फोटो बघून इमारतीचं दार ठरवणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. कर्ज मागणाऱ्याचा पत्ता खरा आहे का, हे बँका बाहेरच्या लोकांकडून तपासून घेतात. आमच्या भाषेत सीपीव्ही. त्यात एक पोरगा मोटारसायकलवरून प्रत्यक्ष जातो, आणि तो जाण्याआधी माझ्यासारखा कुणीतरी ऑफिसात बसून पत्ता गूगलच्या नकाशावर उघडतो, कोपऱ्यातला पिवळा माणूस उचलून रस्त्यावर सोडतो की तिथले गाडीनं टिपलेले फोटो उघडतात, ते बघून इमारत कोणती, शिरायचं कुठून, खाली दुकान कोणतं, हे दोन ओळीत लिहून देतो. दिवसाला तीस-चाळीस पत्ते. सहा वर्षं करतोय. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी जे शिकवतो ते म्हणजे, चित्र बघायच्या आधी तारीख बघ. आणि स्वतःच्या बापाला पाठवताना मी ती पाहिली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडलेला, डाव्या हाताने मोबाइलवर पाच सेकंदांत काढलेला फोटो होता तो.

त्या रात्री मी तोच रस्ता लॅपटॉपवर परत उघडला. खालच्या कोपऱ्यात बारक्या अक्षरांत `Image capture: Jan 2023` असं लिहिलेलं होतं. त्याच ओळीत पुढं कॉपीराइटच्या खुणेशेजारी चालू साल असतं. नव्या पोरांची पहिली चूक इथंच होते. डोळा ओळखीच्या सालावर जाऊन बसतो आणि मन म्हणतं, चला, यंदाचाच आहे. ते साल हक्काचं असतं, फोटोचं नव्हे. फोटोचा फक्त महिना आणि वर्ष मिळतं, दिवस किंवा वेळ दाखवत नाहीत. मोबाइलवर तर ती ओळ इतकी फिकट असते की स्क्रीनशॉट कापून पाठवताना ती सहज कापली जाते. मीही कापली होती. म्हणजे अण्णांच्या हातात जे पोचलं त्याला तारीखच नव्हती.

मग मी दार सोडून सावलीकडं बघत बसलो. तिनं मला जास्त छळलं. फोटोत ती खरोखर होती, दाट, थंड, सगळा उतार झाकून रस्त्याच्या कडेपर्यंत आलेली. इमारतीचं तोंड उत्तरेला. सोलापूर साडेसतरा अंशाच्या थोडं वर, म्हणजे जानेवारीत सूर्य भर दुपारीही दक्षिणेकडं चांगलाच कललेला असतो, आणि दहा मीटर उंचीच्या इमारतीची सावली उत्तरेला आठेक मीटर पडते. एप्रिलच्या अखेरीला तोच सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि माध्यान्हीला तीच सावली एक मीटरसुद्धा उरत नाही. अकरा वाजता तर ऊन पूर्वेच्या अंगानं सरळ त्या उतारावर येत असणार. मी अण्णांना सावली दाखवली होती ती जानेवारीची होती. ज्या सोलापुरात मी वीस उन्हाळे काढले, जिथं एप्रिल-मेमध्ये दुपारी बारानंतर कुत्रंसुद्धा गटारीच्या कडेला पोट टेकून पडतं, तिथल्या उन्हाबद्दल मी एका फोटोवर विश्वास ठेवला.

अण्णांना फोटो बघून दार शोधायची कधी गरजच पडली नाही. ते वीज मंडळात मीटर रीडर होते. सगळी नोकरी पूर्व भागात, म्हणजे अशोक चौक, कन्ना चौक, साखर पेठ, भवानी पेठ, जोडभावी पेठ. सायकल, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत रीडिंगचं जाडजूड बुक, बॅटरी, आणि उंचावरच्या मीटरसाठी एक छोटा आरसा. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर फिरलोय. यंत्रमागांची खडखड अशी की दार वाजवून उपयोग नसायचा, ते दाराची कडी लोखंडी पट्टीवर तीनदा आपटायचे. आतून कुठं “एवरु?” यायचं, कुठं “यारु?”, कुठं “कौन?”, आणि अण्णा तिन्हींना एकच उत्तर द्यायचे, “लाइटवाला.” दारात विड्यांची सुपं घेऊन बसलेल्या बायका मांडीवरचं सूप न हलवता गुडघा बाजूला घ्यायच्या आणि अण्णा मधून आत जायचे. तंबाखूचा तो कोरडा, नाकात चढणारा वास अजून मला त्या दारांचा वास वाटतो.

त्या बुकात घराचा नंबर आणि रीडिंग शाईनं लिहिलेलं असायचं. समासात मात्र शिसपेन्सिलीनं वेगळंच काहीतरी. “मागच्या बोळातून.” “पुढचं दार बंद, मागाच्या शेडमधून.” “कुत्रं.” “जिना काढला, शेजारून वर.” मी एकदा विचारलं होतं की हे पेनानं का नाही लिहीत. ते म्हणाले, “मीटर जागा सोडत नाही. दारं सोडत्यात.”

हे वाक्य मला सहा वर्षं या धंद्यात काढल्यावर कळायला लागलं. इमारत सहसा बदलत नाही, खोटं बोलत नाही. चौथा मजला चढतो, रंग बदलतो, पण तिचा ठोकळा, खिडक्यांची रांग, शेजारच्या भिंतीशी असलेला सांधा हे दहा-दहा वर्षं टिकतं. दार मात्र इमारतीचा सगळ्यात चंचल भाग. पुढचा गाळा भाड्यानं गेला की दार बाजूला. लिफ्ट बसवली की दार मागं. भावाभावांत वाटणी झाली की एकाला जिना, दुसऱ्याला दार, आणि तिसऱ्याला भिंत फोडून नवीन दार. पार्किंगवरून भांडण झालं की गेटला कुलूप. म्हणून रस्त्याच्या फोटोनं इमारत पटवणं सोपं असतं, आणि इमारत पटली की आपल्याला दारही पटल्यासारखं वाटतं. अण्णांचं तेच झालं. मेडिकल जुळलं, कठडा जुळला, तीन मजले जुळले. इतकं सगळं जुळल्यावर दारच तेवढं खोटं कसं असेल? फोटो निम्मा चुकीचा असता तर त्यांनी तिथल्या तिथं कुणाला तरी विचारलं असतं. तो जवळजवळ बरोबर होता.

आणि रस्ता? तोही जागचा राहत नाही. आमच्या घरापुढं मी लहान असताना तीन पायऱ्या होत्या, संध्याकाळी सगळ्या आळीची पोरं त्यांवर बसायची. आधी डांबर, मग डांबरावर डांबर, मग काँक्रीट. प्रत्येक वेळी जुनं न खरवडता वरून ओतलं. आता एकच पायरी उरलीय, आणि जोराचा पाऊस आला की आई उंबऱ्यावर गोणपाट लावते. घराला कुणी हात लावला नाही, तरी दार बदललं. गुडघे धरलेल्या माणसाला किती पायऱ्या आहेत हे बघायला कुणी आमच्या घराचा जुना फोटो उघडला तर तो दोन पायऱ्यांनी चुकेल. शिवाय ते फोटो गाडीच्या टपावरच्या उंच दांड्यावरनं घेतलेले असतात, माणसाच्या नजरेपेक्षा बरेच वरून. वरून बघितलं की पायरी बुटकी दिसते, उतार सपाट दिसतो, आणि सगळीकडचं एकदम टिपणाऱ्या भिंगामुळे बोळसुद्धा रुंद वाटतो. फोटोत रिक्षा आरामात वळेल असं वाटतं, तिथं प्रत्यक्षात सायकल हातात धरून न्यावी लागते.

आपल्याकडं हे प्रकरण तसं नवंच. अमेरिकेत गूगलनं अशी चित्रं 2007 पासून दाखवायला सुरुवात केली. इथं 2011 मध्ये बेंगळुरूत गाड्या फिरू लागल्या आणि पोलिसांनी थांबवल्या, मग वर्षानुवर्षं परवानगीच नाही. 2021 साली नकाशांचे नियम सैल झाले, पण रस्त्यावर गाडी फिरवून चित्रं घ्यायचं काम भारतीय कंपन्यांनीच करायचं असं ठरलं. त्यामुळे जुलै 2022 मध्ये दहा शहरांपासून ते पुन्हा सुरू झालं तेव्हा चित्रं जेनेसिस आणि टेक महिंद्रानं घेतलेली होती. त्या दहांत पुणे, नाशिक, अहमदनगर होतं. माझ्या कामात या इतिहासाचा परिणाम एवढाच की परदेशातला एखादा पत्ता उघडला तर त्याच कोपऱ्याची सात-आठ वेगवेगळ्या वर्षांची चित्रं मागं-पुढं करून बघता येतात. दार कधी सरकलं ते दिसतं. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी एकच फेरी हाती लागते. एकच चित्र असलं की ते जुनं आहे हे कळायला बाजूला ठेवायला दुसरं काही नसतं. त्यातलाच शहाणपणा शोधावा लागतो.

तो शोधायची सवय मला एका चिमणीनं लावली. चिमणी म्हणजे होटगी रोडच्या सिद्धेश्वर कारखान्याची, वीज प्रकल्पाची उंच चिमणी. विमानतळाच्या वाटेत येते म्हणून तिच्यावरून किती वर्षं वाद झाला हे सोलापूरकरांना सांगायला नको, आणि जून 2023 मध्ये ती पाडली तेव्हाचा व्हिडिओ ज्याच्या मोबाइलवर आला नाही असा माणूस सापडणार नाही. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी माझ्याकडं त्याच बाजूचा एक पत्ता आला. टायरचं दुकान, कर्ज मागणाऱ्याचं म्हणणं की दोन वर्षांपासून चालू आहे. मी चित्र उघडलं तर तिथं मोकळा प्लॉट, बाभळी, आणि पत्र्याचं एक अर्धवट कुंपण. मी शेरा लिहायला घेतला की जागेवर दुकान नाही. शेजारी बसणारा माझा सहकारी मूळचा अक्कलकोटचा, त्यानं मागून वाकून बघितलं आणि म्हणाला, “अरे, मागं चिमणी उभी हाय की.” मी पुन्हा पाहिलं. बाभळींच्या वर, धुरकट आभाळात, एक करडी रेघ. म्हणजे चित्र जून 2023 च्या आधीचं. तारखेची ओळही तेच सांगत होती, पण तारीख वाचून जे मनाला लागलं नव्हतं ते चिमणी बघून लागलं. आमचा पोरगा प्रत्यक्ष गेला तेव्हा दुकान होतं, टायरांची थप्पी होती, आणि मालकानं त्याला ताकही पाजलं. माझ्या शेऱ्यावर एका माणसाचं कर्ज अडलं असतं.

तेव्हापासून मी चित्रात आधी दार बघत नाही, कडेकडेनं बघतो. लोक हसतील, पण सोलापूरची तारीख वाचायला सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे फ्लेक्स. चित्रात माणसांचे चेहरे यंत्रानं आपोआप पुसट केलेले असतात, गाड्यांचे नंबरही. यंत्राला फ्लेक्सवरचा चेहरा आणि रस्त्यावरचा चेहरा यातला फरक नेहमी कळत नाही, त्यामुळे वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भाऊ, दादा, साहेब आणि खालचे बावीस शुभेच्छुक, सगळ्यांची तोंडं धुक्यात, नावं मात्र ठळक. कुणाचा वाढदिवस कधी असतो हे गल्लीतल्या माणसाला विचारलं की महिना हाती येतो. गड्ड्याच्या यात्रेचे, नंदीध्वजांचे फलक असले की संक्रांतीच्या मागचे-पुढचे दिवस. उसाची ट्रॉली दिसली की हंगाम चालू. लिंब निष्पर्ण असला की फाल्गुनाच्या आसपास, आणि कोवळा तांबूस पाला फुटला असेल तर पाडवा जवळ. दुकानाच्या पाटीवर जीएसटीचा नंबर असला तर पाटी जुलै 2017 नंतरची, एवढं तरी पक्कं. यातल्या एकट्या कशावर भरवसा ठेवता येत नाही, कारण फाटका फ्लेक्स आपल्याकडं दोन-दोन वर्षं लटकतो. पण दोन-तीन खुणा एकीकडं बोट दाखवायला लागल्या की बरं वाटतं.

त्या रात्री मी दवाखान्याच्या चित्रात हे सगळं केलं. म्हणजे दुपारी करायला हवं होतं ते. खांबावर गड्ड्याचा फलक होताच, अर्धा दिसणारा. एक पाऊल पुढं गेलो, कोपऱ्यापर्यंत. इथं एक गोष्ट अशी की बाण दाबून आपण पुढं सरकतो तेव्हा रस्ता सलग वाटतो, पण दोन पावलांची चित्रं वेगवेगळ्या दिवसांची असू शकतात. मध्येच आभाळ बदलतं, दुकानाचं शटर उघडं होतं, म्हणून दर वळणावर तारीख नव्यानं वाचायची असते. मी बाजूच्या गल्लीत वळायला गेलो तर वळताच येईना. पिवळा माणूस उचलला की ज्या रस्त्यांवर गाडी गेलीय ते निळे होतात. मोठा रस्ता निळा होता, गल्ली कोरी. तिच्या तोंडाशी एक टेम्पो आडवा उभा, त्याच्या मागं पत्र्याच्या शेडचं टोक. आताचं खरं दार त्या शेडखाली होतं. गाडी तिथं गेलीच नव्हती. गेली असती तरी जानेवारी 2023 ला तिथं दार नव्हतंच.

उपग्रहाच्या चित्रावर गेलो. ते वेगळ्या दिवसाचं असतं, आणि तिथं गल्लीत इमारतीला चिकटून एक नवीन निळसर चौकोन दिसला, शेडचं छत. मग दवाखान्याच्या पानावर लोकांनी टाकलेले फोटो चाळले. बहुतेक चष्म्यातले सेल्फी. पण एका बाईनं दोन महिन्यांपूर्वी आपल्या सासूचा फोटो टाकला होता, डोळ्यावर हिरवी पट्टी, मागं लिफ्टचं दार आणि लिफ्टशेजारी विटांची उघडी भिंत. पुढच्या बाजूला लिफ्ट असायला जागाच नव्हती. म्हणजे दार हललंय हे पुण्यात बसून, एक पैसा खर्च न करता, दहा मिनिटांत कळण्यासारखं होतं. आणि त्याहून सोपं, पानावर फोन नंबर होता. “दार कोणत्या बाजूला आहे?” एवढं विचारायचं. कामावर मी दिवसातून दहा वेळा असे फोन करतो.

बरं, नकाशावरची खूणही फसवते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. दुकान किंवा दवाखान्यावर बोट ठेवलं की जे लहान चित्र आपोआप पुढं येतं, ते दाराचं असतंच असं नाही. खूण जिथं टोचलीय तिच्या जवळ जे कुठलं रस्त्याचं चित्र मिळेल ते उचललं जातं आणि तोंड खुणेकडं वळवलं जातं. खूण इमारतीच्या मागच्या अंगाला टोचली असेल तर मागच्या रस्त्यावरून भिंत दाखवतात, आणि माणूस गटारीच्या पाइपापुढं दार शोधत बसतो. इथं ती चूक झाली नव्हती. इथं चूक माझी होती आणि ती चित्राची नव्हतीच. मी अण्णांना चित्र दिलं आणि त्यांची जीभ काढून घेतली.

मला तेच कळत नव्हतं, की ते गप्प का उभे राहिले. हा माणूस तीस वर्षं अनोळखी दारं वाजवत आला. पानवाला, नारळवाला, उलट्या बादलीवर बसलेला वॉचमन, कुणालाही हात करून “काय मालक” म्हणून विचारणारा. लग्नाला जाताना मंगल कार्यालय समोर दिसत असलं तरी तीन जणांना विचारणारा, आणि आम्ही पोरं लाजेनं मागं मागं राहायचो. तो माणूस पाऊण तास उन्हात गप्प. मी म्हणालो म्हणून? की मोतीबिंदूनं आधीच सगळं धुरकट दिसत होतं, आणि त्यांना वाटलं आपल्यालाच नीट दिसत नाही, पोराचा फोटो बरोबर असणार? हे मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, “सोड की.”

मेमध्ये मी दोन दिवस गेलो. दुसऱ्या डोळ्याची तपासणी होती. आदल्या संध्याकाळी मी एकटाच जाऊन आलो, गल्लीत शिरून, शेडखालून, लिफ्टपर्यंत. दाराचा फोटो काढला, पाटीचा काढला, गल्लीच्या तोंडापासून आत येईपर्यंतचे चार फोटो काढले आणि दवाखान्याच्या पानावर चढवले. घरी येऊन अण्णांना दाखवले. त्यांनी मोबाइल लांब धरून, डोळा बारीक करून एकेक पाहिला, आणि म्हणाले, “चांगलं काढलंय.” मग मोबाइल परत दिला. मी म्हणालो, तुमच्या मोबाइलवर पाठवतो. ते म्हणाले, “कशाला, उद्या तू हाईस की.” आईनं शेंगाचटणीचा डबा पुढं सरकवला आणि विषय संपला.

सकाळी रिक्षानं निघालो. रेल्वे लाइन्समध्ये वळल्यावर मी रिक्षावाल्याला गल्लीच्या तोंडाशी थांबवायला सांगितलं. बरोबर जागी. मेडिकल, निळं शटर, कठडा, सगळं उजव्या हाताला. पुढच्या उतारावर सावलीचा पट्टाही नव्हता, शटरचा पत्रा नुसता तापत होता. अण्णा रिक्षातून उतरले, खिशातून फाइल काढली, धोतराचा सोगा सारखा केला. मी पैसे देत होतो. गल्लीच्या तोंडाशी एक शहाळेवाला कोयत्यानं शेंडे उडवत बसला होता. दार मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, पंधरा पावलांवर पाटी दिसत होती. तरी ते त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले.

“मालक, डोळ्याचा दवाखाना हितंच का?”

त्यानं वर बघितलं. “हितंच की मामा, शेडखालनं. पण लिफ्ट बंद हाय आज. मागनं जिना हाय, त्यानं जावा.”